आकडेच नाहीत, मग यूएक्स रेझ्युमेत परिणाम काय लिहू?

"सर, मी यूएक्स डिझायनर आहे. केस स्टडी चार बुलेटमध्ये लिही म्हणतात: समस्या, रिसर्च, निर्णय, परिणाम. पण अ‍ॅप लाँच व्हायच्या आधीच मी कंपनी सोडली. आकडे आणू कुठून?"

हीच अडचण घेऊन मागे एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिने रुग्णालयाच्या अपॉइंटमेंट अ‍ॅपवर काम केलं होतं आणि रेझ्युमेत एकच ओळ होती: 'युझर रिसर्च, वायरफ्रेम आणि प्रोटोटाइप केले.' ही ओळ कुठल्याही डिझायनरच्या रेझ्युमेत खपून जाईल.

मी तिला विचारलं, लोक नेमके कुठे अडत होते? ती लगेच म्हणाली, "पहिल्याच स्क्रीनवर. तिथे विभाग निवडायचा होता. गुडघा दुखतोय तर ऑर्थोपेडिक्स, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. मग ते सरळ रिसेप्शनला फोन करायचे." तिने रिसेप्शनवर बसून हे फोन ऐकले होते. बहुतेक जण डॉक्टरांचं नाव सांगायचे, नाहीतर काय दुखतंय ते.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही निर्णयाच्या बुलेटवर घालवला. तिने लिहिलं होतं, 'सोपा स्क्रीन डिझाइन केला.' पण नाकारलेला पर्याय सांगितल्याशिवाय निर्णय दिसत नाही. टीमला विभागांच्या यादीशेजारी माहितीचं बटण हवं होतं. तिने ऐकलेल्या फोनच्या आधारावर यादीच काढून टाकायला लावली.

आता आकडे. लाँचनंतरचे नव्हते, पण प्रोटोटाइपच्या चाचणीची टिपणं होती. जुन्या स्क्रीनवर ८ पैकी ३ जणांनी मदतीशिवाय बुकिंग केलं होतं, नव्यावर दुसऱ्या ८ पैकी ७ जणांनी. तिने उत्साहाने '१३३ टक्के सुधारणा' लिहिलं. मी ते खोडलं. आठ माणसांवरून टक्केवारी काढली की जाणकार माणूस पहिला प्रश्न तिथेच विचारतो. जुन्या सहकाऱ्याकडून कळलं होतं की लाँचनंतर फोनही कमी झाले. पण त्याच सुमारास रुग्णालयाने व्हॉट्सअ‍ॅप बुकिंग सुरू केलं होतं, म्हणून ते श्रेय घेतलं नाही.

रेझ्युमे अर्थातच इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर शेवटी असा झाला:

- समस्या: विभाग कळत नसल्याने रुग्ण बुकिंग अर्धवट सोडून रिसेप्शनला फोन करत.
- रिसर्च: रिसेप्शनवरचे फोन ऐकले, लोक डॉक्टरांचं नाव किंवा त्रास सांगतात, विभाग नाही.
- निर्णय: माहितीच्या बटणाऐवजी विभागांची यादीच काढून नाव व त्रासावरून शोध दिला.
- परिणाम: प्रोटोटाइप चाचणीत मदतीशिवाय बुकिंग ८ पैकी ३ वरून ८ पैकी ७ (वेगवेगळे गट, लाँचपूर्वी).

पोर्टफोलिओत मात्र ते १३३ टक्के अजून तसेच होते. मुलाखत घेणारा दोन्ही शेजारी उघडून बसतो, म्हणून अर्ज पाठवण्याआधी तिने तेही बदललं.