बेसिन, टाइल्स आणि टॉवेलवर पडलेले हेअर डायचे डाग

प्रश्न: "परवा घरीच केसांना डाय लावला, डार्क ब्राऊन. आता बेसिनमध्ये, टाइल्सच्या मधल्या रेघांत आणि पांढऱ्या टॉवेलवर डाग पडलेत. घासून घासून हात दुखले तरी जात नाहीत. काय करू?"

आधी घासणं बंद करा, खरंच. मी पण पहिल्या वेळी हेच केलं होतं, टूथपेस्ट, तारेची घासणी, सगळं झालं आणि तासाभराने डाग तिथेच आणि बेसिनवर बारीक ओरखडे, आता त्याच ओरखड्यांत साबणाचा मळ अडकून बसतो तो वेगळाच.

घासून न जाण्याचं कारण असं की परमनंट डाय ट्यूबमधून निघतो तेव्हा जवळजवळ बिनरंगाचा असतो. डेव्हलपरमध्ये मिसळला की त्यातले बारीक रेणू एकमेकांना जोडून अर्ध्या-पाऊण तासात मोठे, गडद होतात. केसात तेच हवं असतं म्हणा, बारीक असताना आत शिरायचं आणि मोठं झालं की बाहेर यायला जागा नाही. पण टाइल्सच्या मधलं ग्राउट सिमेंटचं, स्पंजसारखं सच्छिद्र, त्यातही अगदी तसंच होतं. म्हणून पहिल्या पाचेक मिनिटांत ओल्या फडक्याने आणि साबणाने जो थेंब सहज पुसला जातो तोच दुसऱ्या दिवशी हलत नाही. डाग वर नसतोच, आत असतो, त्यामुळे तो खरवडायचा नाही, त्याचा रंग मारायचा.

टाइलचा आणि बेसिनचा चकचकीत भाग सोपा आहे. सिरॅमिकच्या ग्लेझमध्ये डाय आत जात नाही, वरच चिकटतो. कापसावर अल्कोहोलवालं सॅनिटायझर किंवा रबिंग अल्कोहोल घ्या, डागावर मिनिटभर दाबून धरा आणि मग पुसा. कापूस तपकिरी झाला की उलटा करा, नाहीतर तोच रंग पुढे फासत बसाल. यानेही नाही गेलं तर नेलपॉलिश रिमूव्हर, पण फक्त सिरॅमिकवर. बेसिन किंवा टब अ‍ॅक्रिलिकचा असेल तर रिमूव्हरने तो कायमचा धुरकट होतो, तिथे अल्कोहोल पण आधी कोपऱ्यात लावून बघा. आणि खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको.

आता रेघा. आमच्याकडे रात्री दहाला डाय लावला आणि सकाळी बघितलं तर बेसिनच्या मागच्या तीन रेघा चॉकलेटी झालेल्या. त्या शेवटी साध्या ब्लीचने गेल्या, म्हणजे कपड्यांचं पातळ क्लोरीनवालं, सोडियम हायपोक्लोराइट. नुसतं ओतलं तर ते उभ्या भिंतीवरून ओघळून जातं, डागाला भिडतच नाही. म्हणून टिश्यू पेपरची बोटभर रुंद घडी करायची, हातमोजे घालून ब्लीचमध्ये भिजवायची, थोडी पिळायची आणि रेघेवर चिकटवून दाबायची, वरून प्लॅस्टिकची पट्टी लावली की सुकत नाही. पंधरा मिनिटांनी काढा, भरपूर पाण्याने धुवा.

पहिल्या वेळी काढलं तेव्हा रेघा पांढऱ्या नव्हत्या, गंजासारख्या नारिंगी दिसत होत्या आणि मला वाटलं वाट लागली! तसं नाही, नारिंगी झालं म्हणजे रंग तुटायला लागलाय, तिथे थांबू नका. दुसऱ्यांदा लावल्यावर फिकट पिवळं झालं, तिसऱ्यांदा दोन रेघा साफ. तिसरी जिथे ग्राउट आधीच भुसभुशीत झालं होतं तिथे सावली राहिली, ती गेली नाही ती नाहीच. डाग खूप खोल असेल तर वरचं एक-दोन मिलिमीटर ग्राउट खरवडून नवीन भरणं हाच उपाय, त्यापेक्षा जास्त ब्लीच मारत राहिलात तर ग्राउटच खराब होईल. पहिल्या खेपेला अजिबातच फरक दिसला नाही तर बाटली जुनी आहे का बघा, उघडलेलं ब्लीच काही महिन्यांत ताकद गमावतं.

हे मात्र नीट वाचा. ब्लीचबरोबर टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबू असं कुठलंही आंबट काही नाही, क्लोरीन गॅस सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. बऱ्याच डायमध्ये अमोनिया असतो, त्याच्याशीही ब्लीचचा त्रासदायक वायू होतो, म्हणून डायचा ओला लगदा आधी पाण्याने पूर्ण धुवून काढा. अल्कोहोल किंवा रिमूव्हर आधी लावलं असेल तर तेही धुवून, पुसून मगच ब्लीच. नळ आणि बेसिनच्या जाळीवर जास्त वेळ राहू देऊ नका, काळं पडतं. संगमरवर असेल तर रिमूव्हर, ब्लीच, लिंबू काहीच नको, दगडवाल्याला विचारा.

टॉवेल: तुमचा पांढरा आणि सुती आहे म्हणजे नशीबवान आहात. आधी साध्या गार पाण्यात, साबण न लावता, पाणी रंगीत यायचं थांबेपर्यंत खळबळून काढा. मग पाच लिटर पाण्यात पाव कप ब्लीच मिसळून टॉवेल त्यात दहा मिनिटं बुडवा. ब्लीच थेट कापडावर ओतू नका, तेवढी जागा विरून पुढच्या धुण्यात भोक पडतं. बाहेर काढून दोन-तीन पाण्यातून काढा, मग नेहमीसारखं धुवा. डाग थोडा फिका झाला असेल तर तेच पुन्हा करा, पण मधे ड्रायर किंवा इस्त्री नको, उष्णतेने उरलेला रंग आणखी पक्का बसतो.

रंगीत टॉवेलला क्लोरीन ब्लीच लावलं तर डागाबरोबर टॉवेलचाही रंग जाईल आणि मधोमध पांढरा चट्टा उरेल. त्याला ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे पावडर मिळते ती, सोडियम परकार्बोनेट, चार-पाच लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे आणि रात्रभर भिजत. खरं सांगायचं तर दोन दिवस जुन्या डार्क ब्राऊनवर याने फिकं होतं, पूर्ण जाईलच असं नाही. माझा एक निळा टॉवेल तसाच राहिला, तोच आता डायचा टॉवेल.

पुढच्या वेळी डाय कालवायच्या आधी बेसिनच्या कडेला आणि मागच्या रेघांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा आणि ओलं फडकं हाताशी ठेवा. थेंब पडला की लगेच पुसायचा, "केस धुवून झाले की बघू" म्हणालात की तोवर तो आत गेलेला असतो.