टूथपिक स्वच्छ येते, तरी ढोकळा दडदडीत का होतो?

प्रश्न: बेसनाचा झटपट ढोकळा करते. पीठ भिजवून त्यात फ्रूट सॉल्ट घालते आणि १०-१५ मिनिटं झाकून ठेवते. मग कुकरमध्ये पाणी घालून त्यात थाळी ठेवते आणि गॅस लावते. २० मिनिटांनी टूथपिक घालून बघते, स्वच्छ येते. पण ढोकळा फुगत नाही, मधोमध खळगा पडतो आणि खाताना चिकट लागतो. अजून जास्त वेळ वाफवायला हवा का?

उत्तर: नाही, वेळ वाढवू नका. टूथपिक खरंच सांगतेय, तुमचा ढोकळा शिजलाय. पण टूथपिकला तेवढंच कळतं. जाळी पडली की नाही हे तिला सांगता येत नाही, कारण गच्च बसलेलं पीठसुद्धा पूर्ण शिजलं की टूथपिक कोरडीच बाहेर येते. ढोकळा हलका होणार की दडस, हे थाळी वाफेत गेल्यावर पहिल्या पाच-सात मिनिटांत ठरून जातं. तुमच्या पद्धतीत त्याआधीच दोन गोष्टी चुकतायत. पीठ मुरवायची वेळ चुकतेय आणि वाफ उशिरा मिळतेय.

आधी मुरवण्याचं बघू. फ्रूट सॉल्टमध्ये खाण्याचा सोडा आणि आम्ल दोन्ही कोरड्या स्वरूपात असतात. ओलावा मिळाला की दोघांची लगेच गाठ पडते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. चमचाभर फ्रूट सॉल्ट पाण्यात टाकून बघा, एका मिनिटात सगळा फेस खाली बसतो. पिठात तो थोडा जास्त टिकतो, कारण पीठ दाट असतं. पण १०-१५ मिनिटं झाकून ठेवलंत की बुडबुडे वर येऊन फुटतात. म्हणजे तुमची थाळी वाफेत जाते तेव्हा फुगवणारी हवा बहुतेक निघून गेलेली असते.

डाळ-तांदूळ भिजवून वाटलेल्या ढोकळ्याचं पीठ आठ-दहा तास ठेवतात, ते आंबवण्यासाठी. बहुतेक त्याच सवयीने झटपट ढोकळ्याचं पीठही सोडा घालून ठेवलं जातं. झटपट प्रकारात पीठ मुरवायचं ते सोडा घालण्याआधी, आणि त्याचं कारण वेगळं आहे. बेसन पाणी शोषायला वेळ घेतं. कालवल्या कालवल्या पीठ सरसरीत दिसतं, बारीक गुठळ्या असतात, आणि आतले कण कोरडेच असतात. १५-२० मिनिटांनी तेच पीठ दाट होतं, गुठळ्या सहज मोडतात, आणि पीठ बुडबुडे धरून ठेवण्याइतकं गुळगुळीत होतं. न मुरलेल्या पिठाचा ढोकळा घशाशी बसतो आणि त्याला कच्च्या बेसनाचा वास राहतो.

म्हणून पाण्याचा अंदाज मुरवल्यानंतर घ्या. बरेच जण कालवतानाच पीठ योग्य वाटेपर्यंत पाणी घालतात आणि पुढे ते घट्ट झालं तरी तसंच वाफवतात. एक प्रमाण देते, त्यावरून बघा. ७ इंच व्यासाच्या, निदान अडीच इंच खोल डब्यासाठी २ कप बेसन (सपाट कप, साधारण २२० ग्रॅम), सव्वा कप पाणी, १ टेबलस्पून तेल, २ टेबलस्पून साखर, अर्धा टीस्पून लिंबूफूल, चवीला मीठ आणि आलं-मिरचीचं वाटण. हे कालवून २० मिनिटं झाकून ठेवा. नंतर पळीने उचलून बघा. पीठ पळीवरून सलग पट्टीसारखं पडलं पाहिजे, आणि खाली पडलेली पट्टी दोन-तीन सेकंद वर दिसून मग पिठात मिसळली पाहिजे. गोळे-गोळे पडत असेल तर एकेक चमचा पाणी घाला. साधारण पाव कप आणखी लागतं, पण बेसनाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं. पट्टी पडल्या पडल्या दिसेनाशी होत असेल तर पीठ पातळ आहे. पातळ पिठात बुडबुडे टिकत नाहीत, वर येऊन फुटतात, आणि ढोकळा तळाशी खिरीसारखा ओला राहतो. अशा वेळी चमचा-दोन चमचे बेसन घालून पुन्हा पाच मिनिटं थांबा.

हळद घालायची तर चिमूटभरच. सोड्यासारख्या अल्कलीत हळदीचा रंग लाल होतो, त्यामुळे हळद जास्त झाली किंवा सोडा नीट मिसळला नाही की ढोकळ्यावर लालसर ठिपके येतात.

पीठ फ्रिजमध्ये असेल तर आधी बाहेर काढून साधारण तापमानाला येऊ द्या. थंडगार पीठ वाफेत मधोमध तापायला फार वेळ घेतं आणि तेवढ्यात कडा शिजून घट्ट होतात.

आता वाफ. तुम्ही थाळी आत ठेवून मग गॅस लावता, तिथेच दुसरी गडबड होते. पाणी तापेपर्यंत सात-आठ मिनिटं थाळी कोमट जागेत बसून राहते. तेवढ्यात उरलीसुरली हवाही निघून जाते आणि पीठ मात्र कच्चंच असतं. फुगलेलं पीठ सावरून धरायला बेसन पटकन शिजून आखडायला हवं. बुडबुडे फुगतायत आणि त्याच वेळी त्यांच्या भिंती घट्ट होतायत, असा मेळ बसला की जाळी टिकते. त्यासाठी थाळी गेल्या क्षणापासून जोरदार वाफ लागते.

कुकरची शिट्टी काढा. तळात दीड-दोन इंच पाणी घाला, त्यावर रिंग किंवा उंच स्टँड ठेवा. डब्याचा तळ पाण्याच्या वर राहिला पाहिजे. झाकण ठेवून पाणी खळखळून उकळू द्या आणि शिट्टीच्या जागेतून वाफ सलग यायला लागल्यावरही आणखी दोन मिनिटं थांबा. डब्याला तेल लावून तो आधीच हाताशी ठेवा. मगच पिठात फ्रूट सॉल्ट घाला. या प्रमाणाला २ टीस्पून सपाट पुरतात. वरून चमचाभर पाणी शिंपडा आणि तळातून वर असं १५-२० सेकंद हलक्या हाताने फिरवा. एकाच दिशेने फिरवावं असं सांगतात. दिशेने काही फरक पडत नाही, जोराने फेटत बसलात तर मात्र पडतो. पीठ हलकं आणि फेसाळ झालं की लगेच डब्यात ओता. डबा अर्ध्याहून जास्त भरू नका, आणि ओतल्यावर तो ओट्यावर आपटू नका. फ्रूट सॉल्ट पडल्यापासून झाकण लागेपर्यंत मिनिटभरापेक्षा जास्त जाऊ नये.

झाकणाला आतून पातळ सुती कापड बांधा, टोकं वर घेऊन नीट गाठवा म्हणजे आचेजवळ लोंबणार नाहीत. झाकणावरून गळणारं पाणी ढोकळ्यावर पडलं की तिथे चिकट खड्डे होतात. बऱ्याचदा लोक त्याला ‘मध्ये कच्चा राहिला’ असं समजतात.

आच पहिली १० मिनिटं मोठी, नंतर मध्यम. पहिली १२ मिनिटं काहीही झालं तरी झाकण उघडायचं नाही. वाफ निघून गेली की अर्धवट आखडलेली जाळी खाली बसते, आणि एकदा बसली की पुन्हा उठत नाही. तुमच्या मधल्या खळग्याचं हेही एक कारण असू शकतं, मध्येच डोकावायची सवय असेल तर. सोडा जास्त पडला तरी खळगा पडतो, पण तेव्हा ढोकळा आधी भरभरून फुगतो आणि मग बसतो, भोकं मोठी दिसतात आणि चव साबणासारखी लागते. तुमचा मुळात फुगतच नाही, म्हणजे तो प्रकार नाही.

पाणी आटेल अशी धास्ती असेल तर तळाच्या पाण्यात एक स्टीलची छोटी वाटी उपडी ठेवा. उकळताना ती खडखडत राहते. आवाज थांबला की पाणी संपत आलं. घालायचं झालं तर १२ मिनिटं उलटून गेल्यावरच, आणि उकळतं पाणीच घाला.

पीठ एक इंच खोल ओतलं असेल तर ढोकळा साधारण १८-२० मिनिटांत होतो. अर्धा इंच ओतलं तर १० मिनिटांत. जाडी वाढली की वेळही वाढतो. तरी घड्याळापेक्षा टूथपिक बरी, मात्र ती घालायची पद्धत आहे. कोरडी लाकडी टूथपिक घ्या. सुरी गुळगुळीत असते, बाहेर काढताना ओलं पीठ तिच्यावरून पुसलं जातं आणि ती स्वच्छ भासते. लाकडाला पीठ चिकटून राहतं. टूथपिक बरोबर मध्यावर, तळ लागेपर्यंत सरळ घाला. उष्णता कडेकडून आत जाते, मधला भाग सगळ्यात शेवटी शिजतो, त्यामुळे कडेला घालून स्वच्छ आली तर त्याला काही अर्थ नाही. बाहेर काढून ती दोन बोटांत हलकेच फिरवा. बोटाला पिवळट लगदा लागला तर कच्चा. नुसतं पाण्याचं ओलसर तकाकणं असेल, किंवा एखाददुसरा कोरडा कण चिकटलेला असेल, तर झाला. तो ओलावा वाफेचा आणि तेलाचा असतो. याला कच्चा समजून आणखी १० मिनिटं ठेवलं की ढोकळा रबरासारखा चिवट होतो. पहिल्यांदा लगदा आला तर झाकण पटकन लावून मोठ्या आचेवर चार मिनिटं आणि मग पुन्हा टूथपिक, पण नव्या जागी. जुन्या भोकात घातली की ती रिकाम्या वाटेने जाते.

टूथपिकबरोबर आणखी दोन खुणा बघा. कडा डब्यापासून केसभर सुटलेल्या असतात, आणि मध्यावर बोट हलकेच दाबलं तर खळी लगेच भरून येते. टूथपिक कोरडी पण बोटाची खळी तशीच राहिली, तर ढोकळा शिजला पण फुगला नाही. त्याला वाफेने काही होणार नाही, पुढच्या वेळी मुरवणं आणि वाफ सुधारायची.

गॅस बंद करून झाकण थोडं तिरपं ठेवा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग बाहेर काढून दहा मिनिटांनी कापा. गरम असताना सुरीला लगदा चिकटतो आणि जाळी दबते. फोडणीत पाव कप पाणी, चमचाभर साखर आणि लिंबू घालून एक उकळी आणा आणि ती कापलेल्या ढोकळ्यावर सगळीकडे घाला. जाळी चांगली पडली असेल तर पाणी बघता बघता आत शोषलं जातं. वरच तळं साचून राहिलं तर समजा की आत गच्च आहे.

दोन डबे करायचे असतील तर मुरवलेलं पीठ आधी दोन भांड्यांत वेगळं करा आणि पहिला डबा वाफेतून बाहेर आल्यावरच दुसऱ्यात फ्रूट सॉल्ट घाला. मध्ये कुकरमध्ये उकळतं पाणी घालून पुन्हा खळखळू द्या. एकदम सोडा घालून अर्धं पीठ ताटकळत ठेवलं, तर पहिला डबा छान आणि दुसरा दडस, असं हमखास होतं.