शिक्षण आठवीपर्यंतच झालंय, पण हातात कसब आहे आणि आसपासचा भाग पाठ आहे. असा माणूस कोणता धंदा करू शकतो?

मोटर दुरुस्ती करा. पण नुसतं वायंडिंग भरू नका, बोअरची देखभाल घ्या. मीही आठवीच शिकलोय. मोठा भाऊ तेव्हा म्हणाला होता, "कागद नाही तर तुला कोण विचारणार? कुठेतरी कामाला लाग." ते वाक्य मला अजून लागतं, म्हणून सविस्तर लिहितो.

एका बोअरची 4 इंची सबमर्सिबल वर्षात तीनदा जळाली. तिन्ही वेळा वेगवेगळ्या मिस्त्रींनी वायंडिंग भरून दिलं आणि दोष व्होल्टेजला दिला. चौथ्यांदा मोटर माझ्याकडे आली. उघडली तर सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या. एक फेज गेली असती तर काही कॉइल जळाल्या असत्या आणि काही कोऱ्या राहिल्या असत्या. व्होल्टेज मोजलं, तेही ठीक. म्हणजे मोटर थंडच होत नसावी.

कारण मला ठाऊक होतं, कारण तो बोअर मारताना मी रिगवर हेल्पर होतो. झरा 140 फुटांवर लागला होता आणि पंप सोडला होता 220 वर. सबमर्सिबलमध्ये मोटर खाली असते आणि पाणी ओढायची जाळी तिच्या वर. झरा वरून येत असेल तर पाणी थेट जाळीत शिरतं. मोटरभोवतीचं पाणी तसंच उभं राहून तापत जातं. पंप वर घ्यावा तर उन्हाळ्यात पातळी खाली जाते. म्हणून मोटरवर एक पाईप चढवला. वरचं तोंड जाळीच्या वर बंद केलं, खालचं उघडं ठेवलं. आता पाण्याला मोटरला घासूनच वर जावं लागतं. त्यानंतर ती मोटर पुन्हा माझ्याकडे आली नाही.

हे कुठल्या डिप्लोम्यात शिकवतात? भावाला त्या दिवशीच विचारलं. तो म्हणाला, नशीब तुझं. नशीब कसलं, माझ्या वहीत प्रत्येक बोअरची खोली, झऱ्याचे फूट, पंप कुठे सोडला आणि उन्हाळ्यातली पातळी लिहिलेली आहे. तुम्ही आजपासून अशीच वही सुरू करा. लिहायला जड जात असेल तर घरातल्या कुणाला सांगा. आणि दोष शोधण्याचे पैसे वायंडिंगपासून वेगळे घ्या, नाहीतर लोक ते काम फुकट मागतात.

दोन गोष्टी राहिल्या. हा पाईप 6.5 इंची बोअरमध्ये 4 इंची मोटरवर बसतो, 6 इंची मोटरवर जागाच उरत नाही. आणि मीटरकडची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मीही तेच करतो.