ॲलोस्टेरिक म्हणजे ‘आकार बदलणारं’ नव्हे

प्रश्न: ‘ॲलोस्टेरिक’चा नेमका अर्थ काय? आमच्या रत्नागिरीच्या क्लासमध्ये ‘आकार बदलणारं प्रथिन’ असं लिहून देतात. हिमोग्लोबिन ॲलोस्टेरिक आहे आणि मायोग्लोबिन नाही, ते का? ‘सहकारी बंधन’ म्हणजे तेच का?

‘आकार बदलणारं’ ही व्याख्या आधी वहीतून खोडा. ती ऐकून ऐकून कान किटले. बांगडा कापताना कातडीखाली, बाजूच्या रेषेवर जो काळपट तांबडा पट्टा दिसतो, त्याचा रंग मुख्यतः मायोग्लोबिनचा. त्या मायोग्लोबिनमध्येही ऑक्सिजन बसला की लोहाचा अणू जागचा हलतो आणि आकार थोडा बदलतोच. मग या व्याख्येने तेही ॲलोस्टेरिक ठरेल.

दुसरा गट ‘अन्यस्थानी’ असा प्रतिशब्द देतो. त्यांचंही मला पटत नाही. ग्रीक ‘ॲलॉस’ म्हणजे दुसरा, परका. ‘स्टेरिऑस’ म्हणजे घन, भरीव. स्टिरिओ ध्वनीतला स्टिरिओ तोच. यात ‘स्थान’ कुठून आलं? हा शब्द झाक मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी १९६१ साली रूढ केला. काही एन्झाइमांना अडवणारा रेणू त्या एन्झाइमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक-रेणूसारखा अजिबात दिसत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. म्हणजे परका आकार आहे तो येऊन चिकटणाऱ्या रेणूचा, प्रथिनाचा नव्हे. आकारच जुळत नाही, म्हणून तो मूळ जागी बसू शकत नाही आणि वेगळी जागा धरतो. ‘अन्य स्थान’ हा परिणाम झाला, अर्थ नव्हे. ‘अन्यस्थानी’वाल्यांनी परिणामालाच शब्दार्थ करून टाकलं. मला विचाराल तर ‘पररूपी’ हाच प्रतिशब्द योग्य.

आणि गंमत बघा, या शब्दाला सर्वांत चपखल बसणारं उदाहरण शब्दानंतर सहा वर्षांनी हाती आलं. २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट, म्हणजे बीपीजी, आपल्या तांबड्या पेशींत भरपूर असतं, पण ते हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतं हे १९६७ साली उघड झालं. ऑक्सिजन दोन अणूंचा, विद्युतभार नसलेला. बीपीजी तीन कार्बनांचं, दोन फॉस्फेटवालं, ऋणभाराने लदलेलं. याहून परकं रूप कुठलं! हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांच्या मधोमध एक पोकळी असते. तिथे दोन बीटा साखळ्यांचे धनभारित गट समोरासमोर येतात, आणि त्यांच्यात एकच बीपीजी रेणू अडकतो. ही पोकळी ऑक्सिजन नसलेल्या, ‘ताठ’ रूपातच पुरेशी रुंद असते. त्यामुळे बीपीजी त्या रूपाला टेकू देतं आणि ऑक्सिजन सुटणं सोपं होतं. मायोग्लोबिन एकाच साखळीचं. त्यात ही पोकळीच नाही.

फरक आकड्यांत पाहा. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिलिमीटर पारा, राबणाऱ्या स्नायूत सुमारे २०. पेशीतलं हिमोग्लोबिन १०० ला सुमारे ९८ टक्के भरलेलं असतं आणि २० ला ३२ टक्के उरतं, म्हणजे ६६ टक्के माल उतरला. बीपीजी काढून घेतलेलं शुद्ध हिमोग्लोबिन त्याच प्रवासात जेमतेम ८ टक्के सोडतं, आणि मायोग्लोबिन ७. म्हणजे बीपीजीवाचून हिमोग्लोबिन वाहतुकीच्या कामाला जवळजवळ मायोग्लोबिनइतकंच निरुपयोगी. रक्तपेढीत आठवडेच्या आठवडे ठेवलेल्या रक्तात बीपीजी घटतं, त्यामुळे ते रक्त चढवल्यावर सुरुवातीला ऑक्सिजन हात आखडून सोडतं.

आता ‘सहकारी’. चार साखळ्यांतले चार हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा लोह अणू असलेले गट, एकमेकांना हात देतात असं वर्णन सर्रास केलं जातं, पण त्यांतले सर्वांत जवळचे दोन लोह अणूसुद्धा २५ अँगस्ट्रॉम दूर असतात. ते एकमेकांना शिवतही नाहीत. ऑक्सिजन बसला की लोह सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम सरकून हीमच्या पातळीत येतो आणि त्याला जोडलेला हिस्टिडिन ओढला जातो. त्याबरोबर तो हिस्टिडिन साखळीच्या ज्या सर्पिल पट्टीत असतो ती सरकते आणि साखळ्यांमधले क्षारबंध तुटतात. अशाने एक अल्फा-बीटा जोडी दुसरीच्या मानाने सुमारे १५ अंशांनी फिरते, पोकळी आक्रसते, बीपीजी बाहेर पडतं आणि उरलेल्या जागी ऑक्सिजन सहज बसतो. ही १९७० सालची मॅक्स पेरुट्झ यांची मांडणी. मायोग्लोबिनमध्ये पहिली हालचाल होते, पण ती पोहोचवायला शेजारी साखळी नाही.

इथे ऑक्सिजनच ऑक्सिजनला वाट करून देतो, म्हणजे रूप परकं नाही. तरी १९६५ साली मोनो, वायमन आणि शांझ्यू यांनी सहकारी बंधनही ॲलोस्टेरीच्या छत्राखाली घेतलं, आणि आज तोच वापर मान्य आहे. माझ्या मते त्यांनी तिथे शब्द नको इतका ताणला. परीक्षेत मात्र दोन्ही वेगळे लिहा: ऑक्सिजनचा ऑक्सिजनवर परिणाम तो सहकारी, बीपीजीचा ऑक्सिजनवर तो मूळ अर्थाने ॲलोस्टेरिक. आणि बीपीजीचं हे काम माशांत बहुतेक एटीपी आणि जीटीपी करतात, तेव्हा बांगड्याच्या रक्ताबद्दल लिहिताना त्यांचीच नावं घाला.