ओव्हरफिटिंगला ‘पाठांतर’ म्हणावे का?

“मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या मशीन लर्निंगच्या कार्यशाळेत ओव्हरफिटिंग म्हणजे मॉडेलने केलेले पाठांतर, असे सांगितले. हा शब्द बरोबर आहे का? आणि ट्रेन-टेस्ट स्प्लिट केले की ओव्हरफिटिंग टळते का?”

‘पाठांतर’ या शब्दातून लक्षण कळते, कारण कळत नाही. समजा, दहा वाफ्यांना खताची वेगवेगळी मात्रा देऊन तुम्ही रोपांची उंची मोजली. या उंचीत खताचा परिणाम असतो, तशीच कुठे थोडी जास्त सावली, कुठे मोजपट्टी धरताना झालेला फरकही असतो. आलेखावर सरळ रेषा काढली, तर बरेचसे बिंदू तिच्या थोडे वर किंवा खाली राहतील. नवव्या घाताच्या बहुपदीत मात्र दहा सहगुणक असल्यामुळे तिचा वक्र दहाही बिंदूंतून अचूक जातो आणि चूक शून्यावर येते. तोच वक्र दोन मात्रांच्या मधल्या मात्रेसाठी, विशेषतः टोकांजवळ, इतका उसळू शकतो की रोपाची उंची ऋणसुद्धा निघेल. सावली आणि मोजणीतला फरक हे योगायोग होते; वक्राने त्यांनाही खताचाच नियम मानले. योगायोगाला नियम समजणे हाच ओव्हरफिटिंगचा गाभा आहे, म्हणून मला ‘अतिजुळणी’ हा शब्द अधिक नेमका वाटतो.

स्प्लिटने अतिजुळणी टळत नाही, ती फक्त उघडकीस येते. साधारण 20 ते 30 टक्के नोंदी बाजूला ठेवून उरलेल्यांवर मॉडेल शिकवतात आणि मग न पाहिलेल्या नोंदींवर त्याची चूक मोजतात. शिकलेल्या नोंदींवर चूक नगण्य आणि राखून ठेवलेल्यांवर मोठी असेल, तर अतिजुळणीचा संशय घ्यावा. त्यावर इलाज म्हणजे मॉडेल साधे करणे किंवा नोंदी वाढवणे.

ही तपासणी फसते ती बहुधा वाटणीतच, आणि याकडे फार कमी लक्ष दिले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2017 मध्ये खुल्या केलेल्या छातीच्या एक्स-रे संग्रहात 1,12,120 प्रतिमा आहेत, पण रुग्ण 30,805च आहेत. प्रतिमा सरमिसळ करून वाटल्या, तर एकाच रुग्णाचे एक्स-रे दोन्हीकडे येतात. मग मॉडेल आजाराऐवजी त्या रुग्णाच्या बरगड्यांची ठेवण ओळखूनही बरोबर उत्तर देऊ शकते आणि चाचणीतला आकडा फसवा चांगला दिसतो. म्हणून तिथे वाटणी प्रतिमांची नव्हे, रुग्णांची करावी लागते. तुमच्या प्रयोगात एकाच रोपाची उंची दर आठवड्याला मोजली असेल, तर त्या रोपाच्या सगळ्या नोंदी एकाच बाजूला ठेवा.

शिवाय चाचणीचा आकडा पाहून मॉडेल पुन्हापुन्हा बदलत राहिलात, तर चाचणीच्या नोंदीही न पाहिलेल्या राहत नाहीत. अशा फेरफारांसाठी व्हॅलिडेशनचा तिसरा वाटा वेगळा काढतात आणि चाचणीचा वाटा शेवटी एकदाच उघडतात.