पुण्याची जागा मी का घेतली नाही

प्रिय डॉक्टर,

तुझा फोन आला तेव्हा ओपीडीत गर्दी होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. तू विचारलंस, "सर, कायमची जागा, अतिदक्षता विभागाचे प्रमुख, राहायला घर, आणि तुम्ही नाही म्हणालात?" नकाराचं पत्र सोमवारीच पाठवलं. त्यात कारण एका ओळीत दिलं होतं, पण तुला ते सविस्तर कळायला हवं. पुढच्या दोन-चार वर्षांत तुझ्यापुढेही असाच कागद येणार आहे.

गेल्या महिन्यातली एक रात्र सांगतो. सात वर्षांचा मुलगा. आजीबरोबर पडवीतलं सरपण काढताना पायाला लाल विंचू चावला. वेळ साडेआठची. सव्वानऊला बाप त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात आला. येताना दोन उलट्या झालेल्या, अंगावरचा शर्ट घामानं पिळून काढावा असा. पायाचं दुखणं मात्र फारसं नव्हतं, आणि घरच्यांना त्याचाच धीर वाटत होता. तुला आठवत असेल, इथे होतीस तेव्हा मी हेच पुन्हा पुन्हा सांगायचो: ठणका मारून रडणारं, पण हातपाय उबदार असलेलं पोर बहुधा सुखरूप असतं. दुखत नाही म्हणतं, घामाघूम आहे आणि गार पडलंय, त्याची भीती धरायची. मुलगा असेल तर चड्डी काढून बघायची. विषानं लिंग ताठरलेलं असतं आणि आई-बाप संकोचानं ते सांगत नाहीत.

प्रेशर १५० वर ११० होतं. त्या वयाला हे फार झालं. विंचवाचं विष शरीरातली ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं एकदम मोकळी करतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरू लागतं. ही आवळण सोडवणारी गोळी म्हणजे प्राझोसिन. ती विंचूदंशासाठी पहिल्यांदा वापरली ती आमच्याच या सावित्रीच्या खोऱ्यात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, आणि रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून लिहिलेल्या नोंदींतून त्यांचं काम उभं राहिलं. त्याआधी गंभीर दंशाची मुलं डोळ्यांदेखत जायची.

मात्रा दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. पोराचं वजन १७ किलो, म्हणजे ५१० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी. ती चुरून पाण्यातून दिली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. गोळी साधीच हवी. औषधाच्या दुकानात सहज मिळते ती बहुधा हळूहळू विरघळणारी, नावापुढे एक्सएल लिहिलेली. ती तोडून उपयोग नाही आणि वेळेवर काम करत नाही. म्हणून साध्या गोळ्यांची डबी टेबलाच्या खणात असते, आणि तिची मुदत मी स्वतः बघतो.

त्यानंतरचं काम बसायचं. पहिले तीन तास दर अर्ध्या तासानं प्रेशर, नाडी, श्वास. पोराला आडवंच ठेवायचं, आईनं कितीही म्हटलं तरी मांडीवर उभं धरू द्यायचं नाही, कारण गोळीनंतर उठवलं की प्रेशर एकदम पडतं. घाम आणि उलट्यांतून पाणी गेलेलं असतं, ते घोट घोट जलसंजीवनीनं भरायचं. बारा वीसला दुसरी अर्धी गोळी, तीन वीसला तिसरी. पायाच्या बोटांना मी हाताची मागची बाजू लावून बघत होतो, कारण तळव्याला आपलीच ऊब कळते. पाचच्या सुमारास अंगठा कोमट लागला. मग घोटा. मग पोरानं चहा मागितला. ॲट्रोपीन एकदाही हातात घेतलं नाही. घामावर म्हणून ते देण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे आणि तिनं हृदयावरचा ताण वाढतो.

आता हीच रात्र पुण्याच्या त्या इस्पितळातून बघ. घाट चढून ते पोर माझ्यापर्यंत पोचलं असतं तेव्हा चार तास उलटले असते. माझ्यापाशी व्हेंटिलेटर असता, शिरेतून द्यायची औषधं असती, आणि फुप्फुसात पाणी भरलेलं पोर असतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी सहा वर्षांची एक मुलगी आली होती. मला प्राझोसिन माहीत होतं, पण हात धजावला नाही. प्रेशर पडलं तर, या भीतीनं मी चिठ्ठी लिहिली आणि जीपमध्ये बसवून मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पोचली तेव्हा तोंडातून गुलाबी फेस येत होता. ती वाचली नाही. चूक तिथल्या कुणाची नव्हती. गोळी माझ्या खणात होती.

पण यावरून तू असं समजू नकोस की मोठं इस्पितळ नकोच. खोकला सुरू झाला, छातीच्या तळाशी बुडबुड ऐकू आली, ऑक्सिजन उतरायला लागला, किंवा प्रेशर चढण्याऐवजी पडायला लागलं, तर माझा दवाखाना पुरा पडत नाही. तेव्हा ऑक्सिजन लावून, सिस्टर बरोबर देऊन पाठवतो. विंचवावरची प्रतिविषाची लस हाताशी असेल तर गोळीबरोबर ती द्यायची. दोन्ही दिल्यानं रुग्ण लवकर सावरतात हे महाडमधल्याच अभ्यासानं २०११ मध्ये दाखवलं. ती नेहमी मिळत नाही, गोळी मिळते.

म्हणून नकाराच्या पत्रात आभार मानून मी दोन गोष्टी मागितल्या. अतिदक्षता विभागात रात्री खरोखर उचलला जाईल असा एक फोन नंबर, आणि आमच्या सिस्टरला महिनाभर तिथे शिकायची मुभा. पहिली गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली, दुसरीचं उत्तर यायचंय. नकार दिला म्हणून दार बंद करायचं नसतं.

मला हे परवडतं, तेही सांगायला हवं. बायकोची शाळेतली नोकरी आहे, मुलाचं शिक्षण संपलंय, घर स्वतःचं आहे. शिवाय आता दुसरा डॉक्टर आहे, आठवड्यातल्या तीन रात्री तो बघतो. पहिली सहा वर्षं मी एकटा होतो, आणि त्या काळात ही ऑफर आली असती तर मी गेलो असतो. त्याबद्दल मला कुणी बोल लावू शकलं नसतं.

तुझ्या हातात मेडिसिनच्या एमडीची जागा आहे. ती घे. बॉण्डचं वर्ष संपलं की लगेच खेड्यात दवाखाना टाकायचा, हा तुझा विचार मला पटत नाही. त्या मुलीच्या वेळी माझा हात धजावला नाही, कारण प्रेशर पडलेलं पोर सावरताना मी कधी बघितलंच नव्हतं. पुढे दीड वर्ष शहरातल्या अतिदक्षता विभागात रात्रपाळी केली, तेव्हा ती भीती गेली. तीन वर्षं तिथे रात्री काढ. मग तुझा कागद येईल तेव्हा पगाराआधी हे विचार: इथे रात्री माझ्या जागी कोण असेल, आणि तिथे कोण असेल.

एप्रिलमध्ये येशील तेव्हा पुण्याहून एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्यांच्या चार पट्ट्या घेऊन ये. पाकिटावर एक्सएल नाही ना, ते बघून घे.

तुझा,
सर