‘दिली’ बाजूची, ‘स’ तुझा. पण म्हणून ते सायक्लिक ॲग्री होतं का?

प्रश्न: ‘तू मला गाडी चालवू दिलीस’ यात ‘दिली’ आतल्या ‘गाडी’शी जुळतं आणि ‘स’ बाहेरच्या ‘तू’शी. एका क्रियापदाला दोन मालक. एम.ए.च्या प्रबंधिकेत मी हे लाँग-डिस्टन्स ॲग्रीमेंट आणि सायक्लिक ॲग्री यांची जोडी म्हणून मांडलंय: प्रोब, म्हणजे जुळणीसाठी नाम शोधणारा घटक, आधी खाली शोधतो, जे उरेल ते वरच्या कर्त्याकडून घेतो. हे टिकेल का?

उत्तर:

अर्धं टिकेल. लाँग-डिस्टन्सचा भाग पक्का करता येतो, दुसरा भाग मात्र तुम्ही मांडलाय तसा उभा राहत नाही.

सगळ्यात आधी उदाहरण बदला. ‘गाडी’ ही देण्याचीही वस्तू आहे. ‘तू मला गाडी दिलीस’ हे बिनचूक वाक्य आहे, त्यामुळे परीक्षक पहिल्याच मिनिटाला विचारणार की ‘गाडी’ हे ‘देणे’चंच कर्म कशावरून नाही? मग कसलं लाँग-डिस्टन्स? त्याऐवजी ‘तू मला माझी बाजू मांडू दिलीस’ घ्या. बाजू कोणी कोणाला देत नाही, ती मांडतात. म्हणजे ‘बाजू’ हे नक्की ‘मांडणे’चं कर्म आणि तरीही स्त्रीलिंग ‘दिली’वर आलंय. (आणि पोळ्या, भाज्या असली स्त्रीलिंगी अनेकवचनं टाळा. ‘तू मला पोळ्या करू दिल्यास’ म्हटलं की समोरचा ‘...तर काय?’ म्हणून वाट बघत बसतो.)

ही जुळणी आतपर्यंत का पोचते, तर ‘मांडू’चं उपवाक्य अगदी तुटपुंजं आहे. त्याला स्वतःचा नकार नाही: ‘बाजू न मांडू दिलीस’ असं कोणी बोलत नाही, नकार बाहेरच लागतो. स्वतःचा काळही नाही. वर ‘की’सारखा काँप्लिमेंटायझर नाही, बाहेरचा शोध अडवणारी पूर्ण फेजची भिंत नाही, म्हणून बाहेरचा प्रोब आतलं कर्म पाहू शकतो. राजेश भट्ट यांनी 2005 मध्ये हिंदीसाठी हाच रीस्ट्रक्चरिंगचा रस्ता घेतला. फरक एवढाच की हिंदीत ‘राम ने रोटी खानी चाही’मध्ये मधलं कृदंतही बदलतं, आपलं ‘मांडू’ ढिम्म हलत नाही. मधला ‘मला’ आड येत नाही, कारण ‘ला’ लागलेलं नाम मराठी क्रियापदाला दिसतच नाही. आतल्या कर्माला ‘ला’ लावून पाहा: ‘तू मला राजूला उचलू दिलंस’. लगेच नपुंसक एकवचन, म्हणजे हात रिकामे परत आले की जे रूप येतं ते.

आता सायक्लिक ॲग्रीकडे. सुझाना बेहार आणि मिलान रेझाच यांच्या 2009 च्या मांडणीचा गाभा असा: प्रोब आधी आपल्या खालच्या भागात शोधतो. तिथे त्याची गरज पूर्ण झाली नाही, तर तोच प्रोब रचना वाढल्यावर पुन्हा शोधतो आणि आता त्याला वरचा कर्ता दिसतो. तुमच्या वाक्याला हे पहिल्या नजरेत चपखल बसतं. खाली ‘बाजू’ मिळाली, लिंग-वचन झालं. ती तृतीयपुरुषी, त्यामुळे ‘ऐकणारा’ हे लक्षण शिल्लक राहिलं. दुसऱ्या फेरीत ‘तू’ मिळाला, ‘स’ आला.

मग वाक्यातलं कर्मच काढून टाका आणि हे आईला उद्देशून म्हणा: ‘आई, तू मला खेळू दिलंस.’ खाली लिंग-वचन द्यायला कोणीच नाही. तुमच्या हिशेबाने ती गरज शिल्लक, दुसरी फेरी होणार, वर ‘तू’ म्हणजे आई, स्त्रीलिंग. मग ‘खेळू दिलीस’ यायला हवं. ते येत नाही. ‘स’ येतो, स्त्रीलिंग येत नाही. ‘तू’चा पुरुष दिसतो आणि लिंग दिसत नाही, हे एकाच प्रोबच्या दोन फेऱ्यांत कसं व्हावं?

याचं उत्तर मला स्वयंपाकघरात मिळालं, हे खोटं वाटेल. मीही कधीकाळी तुमच्यासारखाच एकाच प्रोबवर अडून बसलो होतो. सदाशिव पेठेतल्या घरी आई गवार मोडत बसली होती आणि मी तिला वाक्यं ऐकवत होतो. ‘तू मला माझी बाजू मांडू दिलीस नाही’ म्हटल्यावर ती मान वर न करता म्हणाली, ‘असं कोण बोलतं? दिली नाहीस म्हण.’

दिली नाहीस. ‘ई’ एका शब्दावर, ‘स’ दुसऱ्यावर. ‘दिली आहेस’मध्येही तेच. म्हणजे लिंग-वचनाचा प्रोब खाली, कृदंताच्या पातळीवर आहे आणि पुरुषाचा त्याच्या वर, काळाच्या पातळीवर. साध्या भूतकाळात मध्ये दुसरा शब्द नसतो म्हणून दोन्ही ‘दिलीस’मध्ये एकत्र चिकटतात आणि आपल्याला एकाच प्रोबचा भास होतो. खालचा प्रोब कर्त्याच्या खालीच संपतो, वर पुन्हा शोधत नाही, म्हणून ‘आई, तू खेळू दिलंस’.

इथे थांबलात तर पुढचा प्रश्न ‘होतीस’ विचारेल. ‘तू मला माझी बाजू मांडू दिली होतीस.’ वरच्या ‘होतीस’वर लिंगही आहे आणि पुरुषही, आणि हे वाक्य बाबांना म्हटलं तरी ते ‘होतास’ होत नाही. म्हणजे ‘होती’ने जवळच्या ‘तू’ला ओलांडून लिंग दूरच्या ‘बाजू’कडून आणलं? मला तसं वाटत नाही. कर्म नसलेल्या वाक्यात तिथेही ‘दिलं होतंस’च येतं, म्हणजे वरचं लिंग प्रत्येक वेळी कृदंताचा आरसा आहे. ‘बाजू’कडून ‘दिली’ने घेतलं आणि ‘दिली’कडून ‘होती’ने. टप्प्याटप्प्याने वर सरकणारी जुळणी खरी इथे आहे. प्रबंधिकेत ‘सायक्लिक’ हा शब्द ठेवायचाच असेल तर या हस्तांतरणासाठी ठेवा. पण ते बेहार-रेझाच यांचं सायक्लिक ॲग्री नव्हे, हे त्याच पानावर लिहा.

त्यांच्या मांडणीची खरी कसोटी मराठीत या रचनेत लावताच येत नाही, हेही लिहा. कर्म प्रथम किंवा द्वितीय पुरुषी असेल तर दुसऱ्या फेरीची गरज उरते की नाही, यावर तिची सगळी भिस्त आहे. आपल्याकडे ‘मी’, ‘तू’ कर्म झाले की ‘मला’, ‘तुला’ होतात आणि प्रोबच्या नजरेआड जातात. उघडं कर्म नेहमी तृतीयपुरुषीच मिळतं.

एक गाठ माझ्याकडूनही सुटलेली नाही. ‘मी गेलो’मध्ये प्रथमपुरुष दिसतो, मग ‘मी बाजू मांडू दिली’मध्ये का नाही? ‘प्रत्यय शून्य आहे’ म्हणून मोकळं होता येत नाही, कारण ‘गेलो’ समोर आहे. वरचा प्रोब सकर्मक भूतकाळात फक्त ‘ऐकणारा’ शोधतो असं मानलं की वाक्यं बसतात, पण तसं का, याचं कारण त्यातून मिळत नाही. मी ते तळटीपेत टाकलं होतं. तुम्ही मजकुरात घ्या, तोंडी परीक्षेत तळटीपच आधी वाचतात.

आणि माहिती देणारी माणसं निवडताना ‘तू जेवण केलं का?’ असं ‘स’ गाळून बोलणाऱ्यांची वाक्यं वेगळी ठेवा. पुण्यातही आता अशी बोलणारी बरीच भेटतात. त्यांच्या वाक्यांत वरचा प्रोब काय करतो ते दिसतच नाही, आणि दोन्ही ढीग मिसळले की ‘स’ ऐच्छिक आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.